एकशे ऐंशी दिवसांची उधारी

भोसरी असो, सातपूर असो की गोकुळ शिरगाव, कारखानदारीत माल आधी येतो आणि पैसे मागाहून जातात. तीस दिवसांचा वायदा साठवर जातो, साठचा नव्वदवर. माल देणारा आठवड्यातून एकदा फोन करतो, घेणारा 'पुढच्या सोमवारी नक्की' म्हणतो, आणि दोघांनाही ठाऊक असते की हा सोमवार लांबणार आहे. ही उधारी त्या दोघांपुरतीच असती, तर प्रश्न त्यांच्यातच मिटला असता. जीएसटी आल्यापासून मात्र बिलाच्या तारखेला १८० दिवस उलटले आणि पैसे गेले नाहीत, तर खरेदीदाराने त्या बिलावर घेतलेले कराचे क्रेडिट त्याला परत करावे लागते, तेही व्याजासह.

अनेक छोट्या उद्योजकांना ही अट कळते ती वर्षाखेरीस. ताळेबंद करताना सीए देणेकऱ्यांची यादी मागतो, त्यात सात-आठ महिन्यांपूर्वीची बिले दिसतात आणि मग विचारणा होते, 'यांचं क्रेडिट उलटवलं का?' मालकाला प्रश्न पडतो की माल खरा, बिल खरे, विकणाऱ्याने करही भरला, मग क्रेडिट परत कशासाठी?

उत्तरासाठी क्रेडिटची चाल आधी पाहावी लागते. दहा लाखांचा पत्रा घेतला की विक्रेता बिलात १८ टक्क्यांनी १ लाख ८० हजारांचा जीएसटी लावतो. हा कर विक्रेता सरकारला भरतो. खरेदीदार त्या पत्र्याच्या पेट्या करून विकतो, आपल्या गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेतो आणि सरकारला भरताना आधीचे १ लाख ८० हजार त्यातून वजा करतो. ही वजावट म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट. त्यामागचे गृहीत असे, की खरेदीदाराने हा कर विक्रेत्याला दिलेला आहे. प्रत्यक्षात उधारीच्या मालात तो दिलेला नसतो. विक्रेत्याने स्वतःच्या खिशातून पुढच्या महिन्याच्या २० तारखेला कर भरलेला असतो, आणि खरेदीदाराने न दिलेल्या कराची वजावट घेऊन टाकलेली असते. कायदा ही सवलत देतो, पण १८० दिवसांपुरतीच.

ही कल्पना जीएसटीने नव्याने आणलेली नाही. सेवाकराच्या काळात २००४च्या सेनव्हॅट क्रेडिट नियमांत सेवांच्या बिलांसाठी अशीच अट होती आणि तिची मुदत अवघी तीन महिन्यांची होती. २०१७च्या केंद्रीय जीएसटी कायद्याने ती वस्तूंनाही लावली आणि मुदत दुप्पट केली. कलम १६च्या पोटकलम २ला जोडलेल्या दुसऱ्या परंतुकात ही अट आहे आणि तिची अंमलबजावणी कशी करायची ते नियम ३७ सांगतो.

या नियमाचा प्रवास सरळ झाला नाही. मूळ मसुद्यात थकलेल्या बिलांचा तपशील जीएसटीआर-२ नावाच्या विवरणपत्रात द्यायचा होता, आणि ते विवरणपत्र सुरुवातीच्या महिन्यांतच बाजूला ठेवले गेले. पाच वर्षे नियम एका न चालणाऱ्या फॉर्मवर टांगलेला होता. १ ऑक्टोबर २०२२पासून नियम नव्याने लिहिला गेला आणि परतफेड थेट जीएसटीआर-३बी या मासिक विवरणपत्रात करायची असे ठरले. मात्र नव्या मजकुरातून 'जितके पैसे थकले तितक्या प्रमाणात' हे शब्द गळाले होते. बिलातले हजार रुपये थकले तरी सगळे क्रेडिट परत करायचे, असा त्याचा अर्थ निघू लागला. २६ डिसेंबर २०२२च्या अधिसूचनेने ते शब्द पूर्वलक्षी प्रभावाने परत आले. म्हणून आजचा नियम असा आहे: जेवढे थकले, तेवढ्याच हिश्शाचे क्रेडिट परत.

हे आकड्यांत पाहू. समजा, भोसरीतला एक फॅब्रिकेशनवाला दर महिन्याला विवरणपत्र भरतो. त्याने महाराष्ट्रातल्याच एका व्यापाऱ्याकडून पत्रा घेतला. बिलाची तारीख १० एप्रिल २०२५. मालाची किंमत १० लाख रुपये, जीएसटी १ लाख ८० हजार, एकूण ११ लाख ८० हजार. एप्रिलचे जीएसटीआर-३बी त्याने २० मे रोजी भरले आणि त्यात सगळे क्रेडिट घेतले.

पहिली गफलत दिवस मोजण्यात होते. मुदत बिलाच्या तारखेपासून चालू होते. माल गेटवर कधी आला, क्रेडिट कोणत्या महिन्यात घेतले, किंवा दोघांत नव्वद दिवसांची उधारी ठरली होती का, याने काही फरक पडत नाही. बिलाचा दिवस सोडून मोजले तर एप्रिलचे २० दिवस, मेचे ३१, जूनचे ३०, जुलै आणि ऑगस्टचे ३१-३१, सप्टेंबरचे ३०, मिळून १७३ होतात. उरलेले सात दिवस धरले की १८०वा दिवस ७ ऑक्टोबर २०२५ रोजी येतो. 'सहा महिने' असे ढोबळ धरणारा १० ऑक्टोबरपर्यंत निवांत राहतो आणि तीन दिवसांनी चुकतो.

७ ऑक्टोबरपर्यंत या फॅब्रिकेशनवाल्याने ७ लाख ८ हजार रुपये दिले होते. हे बिलाचे ६० टक्के. राहिले ४ लाख ७२ हजार, म्हणजे ४० टक्के. तेव्हा १ लाख ८० हजारांच्या क्रेडिटपैकी ४० टक्के, म्हणजे ७२ हजार रुपये परत करायचे. खरेदी राज्यातलीच असल्याने त्यातले ३६ हजार केंद्रीय जीएसटीचे आणि ३६ हजार राज्य जीएसटीचे.

कोणत्या विवरणपत्रात? नियमाचे शब्द आहेत, १८० दिवसांचा काळ संपल्यानंतर लगेच येणाऱ्या करकालावधीच्या जीएसटीआर-३बीमध्ये. मुदत ऑक्टोबरात संपली, म्हणून शब्दशः वाचले तर पुढचा करकालावधी नोव्हेंबर आणि त्याचे विवरणपत्र भरण्याची तारीख २० डिसेंबर. बरेच सल्लागार मात्र ऑक्टोबरच्याच विवरणपत्रात, म्हणजे २० नोव्हेंबरला, हा हिशेब उरकून टाकायला सांगतात. त्याचे कारण व्याजात आहे. जे तिमाही विवरणपत्र भरतात त्यांच्यासाठी करकालावधी म्हणजे तिमाही.

पोर्टलवर ही परतफेड तक्ता 4(B)(2) मध्ये दाखवायची असते. शेजारीच 4(B)(1) आहे, आणि अनवधानाने आकडा तिथे गेला तर अर्थ बदलतो. जुलै २०२२च्या परिपत्रकाने दोन्हींची वाटणी स्पष्ट केली आहे: पहिल्या रकान्यात कायमचे गेलेले क्रेडिट, दुसऱ्यात पुढे परत मिळू शकणारे. थकीत बिलाचे क्रेडिट दुसऱ्या प्रकारातले.

आता व्याज. दर वर्षाला १८ टक्के. पूर्वी चुकीच्या क्रेडिटवर २४ टक्क्यांची तरतूद होती. ती २०२२च्या वित्त कायद्याने जुलै २०१७पासूनच बदलून १८वर आणली, त्यामुळे दराबद्दल आता वाद उरलेला नाही. वाद आहे तो व्याज कोणत्या दिवसापासून धरायचे यावर.

जुन्या नियम ३७च्या पोटनियम ३मध्ये याचे उत्तर लिहिलेले होते: क्रेडिट घेतल्याच्या दिवसापासून. ऑक्टोबर २०२२मध्ये तो पोटनियमच काढून टाकला गेला. १ ऑक्टोबर २०२३पासून कायद्यातल्या परंतुकाचे शब्दही बदलले आणि 'कलम ५०खाली देय असलेल्या व्याजासह' असा मजकूर आला. कलम ५० दर सांगते, आणि नियम ८८बी व्याज मोजण्याची रीत सांगतो. पण १८० दिवसांच्या थकबाकीचे नाव घेऊन सुरुवातीचा दिवस कुठेच सांगितलेला नाही. परिणामी व्यवहारात तीन प्रकारे हिशेब होतो.

सर्वांत सावध माणूस जुनीच रीत धरतो. २० मे रोजी क्रेडिट घेतले, २० डिसेंबरला परत केले, म्हणजे २१४ दिवस. ७२ हजारांवर १८ टक्क्यांनी वर्षाचे व्याज १२ हजार ९६० रुपये होते, तर २१४ दिवसांचे ७ हजार ५९८. हेच ऑक्टोबरच्या विवरणपत्रात, २० नोव्हेंबरला केले असते, तर १८४ दिवसांचे ६ हजार ५३३ रुपये झाले असते. एक महिना आधी हिशेब उरकण्याचा फायदा हजारभर रुपयांचा.

दुसरा हिशेब नियम ८८बीवर उभा आहे. त्यातला पोटनियम ३ म्हणतो, की व्याज चुकीने घेतलेल्या आणि वापरलेल्या क्रेडिटवर, आणि ते वापरल्याच्या दिवसापासून. 'वापरले' कधी म्हणायचे तेही तिथे सांगितले आहे: पोर्टलवरच्या क्रेडिट लेजरमधली शिल्लक त्या रकमेच्या खाली गेली की. आपल्या फॅब्रिकेशनवाल्याच्या लेजरमध्ये मे, जून, जुलै या महिन्यांत दोन-अडीच लाखांचे क्रेडिट पडून असेल आणि २० ऑगस्टला जुलैचे विवरणपत्र भरताना शिल्लक पहिल्यांदाच ७२ हजारांच्या खाली जाऊन शून्यावर आली असेल, तर व्याज २० ऑगस्टपासून. १२२ दिवसांचे ४ हजार ३३२ रुपये. आणि शिल्लक शेवटपर्यंत ७२ हजारांच्या खाली गेलीच नसेल, तर या रीतीने व्याज शून्य.

तिसरा हिशेब आणखी पुढे जातो. त्याचे म्हणणे असे, की क्रेडिट घेतले तेव्हा ते चुकीचे नव्हते. कायद्यानेच १८० दिवसांची मुभा दिली होती. चूक घडली ती १८१व्या दिवशी, मग व्याज त्याच्या आधीचे कसे? या वाचनाने ७ ऑक्टोबरनंतरचे ७४ दिवस मोजायचे, म्हणजे २ हजार ६२८ रुपये. तर्क पटण्याजोगा आहे, पण तो धरून चालणाऱ्याने लेखापरीक्षणात अधिकारी पहिला हिशेब मांडेल याची तयारी ठेवावी लागते. एकाच बिलावर एकीकडे शून्य आणि दुसरीकडे साडेसात हजार, इतके हे अंतर आहे. थकीत बिले वीस-पंचवीस असली की हे अंतर लाखात जाते. म्हणून जो हिशेब निवडला त्याचा कागद, म्हणजे क्रेडिट लेजरचा त्या काळातला उतारा, फाइलला लावून ठेवण्याची सवय चांगल्या अकाउंटंटना असते.

कुठलीही रीत धरली, तरी व्याज रोखीनेच भरावे लागते. क्रेडिट लेजरमधली शिल्लक फक्त कर भरण्यासाठी वापरता येते, व्याजासाठी नाही. ७२ हजारांची परतफेड म्हणजे लेजरमधून वजा होणारा आकडा, पण व्याजासाठी बँकेतून चलन करून रोख लेजरमध्ये पैसे आणावे लागतात.

पुढे काय होते? समजा, फॅब्रिकेशनवाल्याचे स्वतःचे अडकलेले पैसे आले आणि फेब्रुवारी २०२६मध्ये त्याने उरलेले ४ लाख ७२ हजार पत्रेवाल्याला देऊन टाकले. त्याला ७२ हजारांचे क्रेडिट पुन्हा घेता येते. फेब्रुवारीच्या विवरणपत्रात ते 4(A)(5) मध्ये घ्यायचे आणि तोच आकडा 4(D)(1) मध्येही दाखवायचा, म्हणजे हे नवे क्रेडिट नसून जुने परत घेतलेले आहे हे कळते. एरवी क्रेडिट घ्यायला पुढच्या वर्षीच्या ३० नोव्हेंबरची शेवटची मर्यादा असते, पण परत घेण्याच्या या क्रेडिटला ती लागू नाही, असे नियम ३७चा पोटनियम ४ स्पष्ट सांगतो. पैसे तीन वर्षांनी दिले तरी क्रेडिट तीन वर्षांनी परत मिळते. व्याज मात्र परत मिळत नाही. ऑगस्ट २०२३पासून पोर्टलवर उलटवलेल्या आणि परत घेतलेल्या क्रेडिटचे वेगळे लेजर चालते. 4(B)(2) मध्ये टाकलेला आकडा तिथे जमा होतो, आणि परत घेताना त्या शिल्लकेशी पडताळला जातो. म्हणूनच परतफेड चुकून 4(B)(1) मध्ये गेली असेल, तर क्रेडिट परत घेण्याच्या वेळी लेजरमध्ये शिल्लकच सापडत नाही.

इथवर आकडेमोड सोपी वाटते, कारण उदाहरणात बिल एकच होते. खऱ्या धंद्यात एका पुरवठादाराची महिन्याला आठ-दहा बिले येतात आणि पैसे जातात ते ठोक: आज दोन लाख, पंधरवड्याने पाच लाख. टॅलीत नोंद करताना अकाउंटंटपुढे प्रश्न येतो की हे पैसे कोणत्या बिलापोटी. 'न्यू रेफ', 'अगेन्स्ट रेफ', 'ऑन अकाउंट' असे पर्याय समोर असतात, आणि घाईत 'ऑन अकाउंट' निवडले जाते. खात्याची एकूण बाकी बरोबर येते, पण कोणते बिल चुकते झाले हे कुणालाच सांगता येत नाही. वर्षाअखेरीस जुनी बिले थकीत दिसतात आणि नवी चुकती, किंवा उलटे.

इथे दीडशे वर्षांपूर्वीचा एक कायदा उपयोगी पडतो. १८७२च्या भारतीय करार कायद्याची कलमे ५९ ते ६१ नेमकी याच प्रश्नाबद्दल आहेत. पैसे देणाऱ्याने 'हे अमुक बिलाचे' असे सांगितले, तर घेणाऱ्याने ते त्याच बिलाला लावायचे. त्याने काहीच सांगितले नाही, तर घेणारा ठरवू शकतो. दोघांनीही ठरवले नाही, तर सर्वांत जुन्या देण्यापासून क्रमाने लागतात. म्हणजे खरेदीदाराने पैसे पाठवताना बिल क्रमांक लिहिला आणि तो जुन्या बिलाचा असला, तर १८० दिवसांच्या घड्याळातून ते बिल सुटते. उलट 'नव्या मालाचे पैसे आधी द्या, जुन्याचं नंतर बघू' अशी पार्टीची अट मान्य केली, तर जुने बिल मागे पडते आणि क्रेडिटही.

पैसे 'दिले' म्हणजे काय, यावरही वाद होतात. चेक दिला पण तो वटला नाही, तर पैसे दिले असे होत नाही. आयकराचा टीडीएस कापला असेल, तर ती रक्कम पुरवठादाराच्या नावावर सरकारात जमा झालेली असते, म्हणून ती दिलेल्यातच धरली जाते. दोन व्यापारी एकमेकांना माल देत असतील आणि वर्षाखेरीस खाती वळती करत असतील, तर? पश्चिम बंगालच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणापुढे २०१९मध्ये सेन्को गोल्ड या सराफी कंपनीने हाच प्रश्न नेला होता. देणे-घेणे पुस्तकात वळते करून चुकवले तरी चालेल, क्रेडिट जाणार नाही, असे प्राधिकरणाने सांगितले. असा निर्णय ज्याने मागितला त्याच्यावर आणि त्याच्या अधिकाऱ्यावरच बंधनकारक असतो, तरी इतर व्यापारी आपली बाजू मांडताना त्याचा आधार घेतात. अर्थात वळतीची नोंद दोन्ही पुस्तकांत, तारखेसह आणि बिलांसह सापडायला हवी.

सर्वांत जास्त गोची होते ती बांधकामात. तिथे मुख्य ठेकेदार पोटठेकेदाराच्या प्रत्येक बिलातून पाच-दहा टक्के रक्कम राखून ठेवतो. काम टिकले, गळती निघाली नाही, तर वर्षा-दोन वर्षांनी ती सुटते. ही रक्कम थकवलेली नसते, करारानेच मागे ठेवलेली असते. पण नियम ३७ला करार दिसत नाही, फक्त तारीख दिसते. पोटठेकेदाराचे बिल २० लाखांचे, वर १८ टक्क्यांनी ३ लाख ६० हजार जीएसटी, एकूण २३ लाख ६० हजार. त्यातले २ लाख राखून ठेवले आणि बाकीचे सगळे, पूर्ण जीएसटीसह, देऊन टाकले. 'कर तर पूर्ण दिला, मग क्रेडिट का परत करू?' असे ठेकेदार म्हणतो. पण कायदा किंमत आणि कर दोन्ही मिळून देण्याची अट घालतो, आणि नियम न दिलेल्या रकमेच्या प्रमाणात परतफेड मागतो. २३ लाख ६० हजारांतले २ लाख थकले, तर ३ लाख ६० हजारांच्या क्रेडिटमधले ३० हजार ५०८ रुपये परत करावे लागतात, आणि रक्कम सुटली की पुन्हा घेता येतात. यावर जाणकार ठेकेदार करारातच उपाय करतात. सेवा सलग चालणारी असेल आणि एखादा हप्ता विशिष्ट टप्पा पूर्ण झाल्यावरच द्यायचा असेल, तर त्या हप्त्याचे बिल तो टप्पा पूर्ण होईपर्यंत काढले तरी कलम ३१ प्रमाणे चालते. राखीव रकमेचे बिल मुळातच वेगळे आणि ती सुटण्याच्या वेळी काढायचे ठरले, तर १८० दिवसांची मोजणीही तेव्हाच सुरू होते.

मालाच्या दर्जावरून तंटा असेल तर गोष्ट वेगळी वळण घेते. पत्र्याची जाडी कमी निघाली म्हणून खरेदीदाराने ५० हजार रोखून ठेवले आणि विक्रेत्याने ते मान्य करून जीएसटीसह क्रेडिट नोट दिली, तर बिलच तेवढ्याने कमी होते. क्रेडिट परत करावे लागते, पण तो हिशेब नियम ३७चा नसतो आणि ते पुन्हा मिळणारही नसते. क्रेडिट नोट आली नाही आणि वाद लोंबकळत राहिला, तर मात्र १८० दिवस पूर्ण होताच ते ५० हजार साधी थकबाकी ठरतात, मग कारण कितीही खरे असो.

या अटीच्या बाहेर काही व्यवहार आहेत. ज्यांवर खरेदीदार स्वतःच रिव्हर्स चार्जने कर भरतो, ते व्यवहार परंतुकातच वगळले आहेत. एकाच कंपनीच्या दोन राज्यांतल्या शाखांत पैशाशिवाय होणारा, अनुसूची १मधला पुरवठा पैसे दिलेलाच मानला जातो. आणि नियम ३७ची गल्लत नियम ३७एशी करू नये. तो विक्रेत्याने स्वतःचे जीएसटीआर-३बी न भरल्यावर लागतो, आणि खरेदीदाराने सगळे पैसे वेळेवर दिलेले असले तरीही लागतो.

खात्याला हे सगळे कळते तरी कसे? पोर्टलला खरेदीदाराचे बँक खाते दिसत नाही, त्यामुळे संगणक आपोआप नोटीस काढत नाही. सापडते ते लेखापरीक्षणात. अधिकारी ताळेबंदातली देणेकऱ्यांची रक्कम पाहतो, बिलांच्या वयानुसार यादी मागतो आणि १८० दिवसांपुढच्या रकान्यावर बोट ठेवतो. मग वार्षिक विवरणपत्र जीएसटीआर-९ उघडतो. त्याच्या तक्ता 7A मध्ये नियम ३७खाली किती क्रेडिट परत केले याचा स्वतंत्र रकाना आहे. देणेकरी दोन कोटींचे आणि तिथे शून्य, हे जुळत नसेल तर पुढचा पत्रव्यवहार ठरलेला. दर महिन्याच्या दहा तारखेला टॅलीतली 'बिल्स पेएबल' यादी काढून दीडशे दिवस ओलांडलेली बिले वेगळी करणारा अकाउंटंट हा त्रास वाचवतो, कारण पैसे द्यायला त्याच्या मालकाला अजून काही दिवस हातात असतात.

आता ज्याचे पैसे थकले त्या पत्रेवाल्याकडे पाहू. खरेदीदाराने ७२ हजार परत केले, ते गेले सरकारकडे. पत्रेवाल्याने पूर्ण १ लाख ८० हजार आधीच भरलेले आहेत. म्हणजे मधल्या काळात त्या ७२ हजारांचा कर सरकारकडे दोनदा पोचलेला असतो आणि पत्रेवाल्याच्या हाती त्यातला पैही येत नाही. खरेदीदार बुडाला, तर हीच स्थिती कायमची होते. भारतात बुडीत उधारीवर भरलेला जीएसटी परत मागण्याची सोय नाही. क्रेडिट नोटसाठी माल परत येणे, त्यात खोट निघणे किंवा कर जास्त लागणे अशी कारणे कायद्यात आहेत, पैसे न मिळणे हे त्यात नाही. ब्रिटनच्या व्हॅटमध्ये याच्या दोन्ही बाजू एकत्र बांधलेल्या आहेत. तिथेही सहा महिन्यांनी थकवणाऱ्याला क्रेडिट परत करावे लागते, पण सहा महिने झाले आणि रक्कम पुस्तकात बुडीत दाखवली, की विकणाऱ्याला त्याने भरलेला व्हॅट परत मागता येतो.

त्यामुळे इथल्या पुरवठादाराला जीएसटीच्या या अटीचा उपयोग फक्त फोनवर होतो: 'ऑक्टोबरच्या सातच्या आत द्या, नाहीतर तुमचंच क्रेडिट जाईल.' कायदेशीर वसुलीसाठी त्याला दुसऱ्या दाराशी जावे लागते. तो सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६च्या एमएसएमई विकास कायद्याने त्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत यायला हवेत. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते, आणि हे व्याज सरकारला न जाता त्यालाच मिळते. न दिल्यास राज्याच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुकरता परिषदेकडे दावा लावता येतो.